आजोबांना २०४८ हा खेळ कसा शिकवावा: मे महिन्याच्या सुट्टीतली एक शिकवणी

मे महिन्याच्या सुट्टीत चिपळूणला आलेल्या सहावीतल्या नातीने आपल्या आजोबांना २०४८ हा आकड्यांचा खेळ शिकवला. आजोबा बँकेत रोखपाल होते, त्यामुळे आकड्यांचे भय त्यांना नव्हते. अडचण होती ती मोबाइलच्या काचेवर बोट सरकवण्याची आणि एका चालीत पटावरचे सगळेच ठोकळे एकदम हलतात हे अंगवळणी पडण्याची. तिने ज्या क्रमाने शिकवले तो क्रम चांगला होता, म्हणून येथे तोच ठेवला आहे.

आधी वही, मग मोबाइल

इटलीतील गाब्रिएले चिरुल्ली या तरुणाने मार्च २०१४ मध्ये हा खेळ इंटरनेटवर मोफत खुला केला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पट चार गुणिले चार, म्हणजे १६ घरांचा असतो. आपण डावी, उजवी, वरची किंवा खालची यांपैकी एक दिशा निवडायची. त्या दिशेला सगळे ठोकळे भिंतीपर्यंत सरकतात, आणि सरकताना समान आकड्यांचे दोन ठोकळे एकमेकांना भिडले तर त्यांचा दुपटीचा एक ठोकळा होतो. प्रत्येक चालीनंतर एखाद्या रिकाम्या घरात नवा ठोकळा येतो. तो दहापैकी साधारण नऊ वेळा २ चा आणि एकदा ४ चा असतो. २०४८ चा ठोकळा तयार करणे हे उद्दिष्ट.

नातीने हे पडद्यावर न दाखवता चौकटीच्या वहीत पेन्सिलीने पट आखून दाखवले, कारण पडद्यावर ठोकळे इतक्या झटकन सरकतात की नवख्याला काय जुळले ते दिसतच नाही. दोन ओळी मात्र वहीत जरूर सोडवून घ्याव्यात. पहिली ओळ २, २, ४ आणि चौथे घर रिकामे अशी घ्यावी. ती डावीकडे सरकवल्यावर ४, ४ होते, थेट ८ नाही, कारण एका चालीत जुळून तयार झालेला ठोकळा त्याच चालीत पुन्हा जुळत नाही. दुसरी ओळ २, २, २ ही डावीकडे सरकवल्यावर ४, २ होते, म्हणजेच ज्या भिंतीकडे आपण सरकवतो तिच्या जवळची जोडी आधी जुळते. या दोन ओळी पक्क्या झाल्याशिवाय मोबाइल हातात देऊ नये.

बोट सरळ ठेवणे

आजोबांच्या पहिल्या काही चाली भलत्याच दिशेला गेल्या. बोट तिरके सरकले की मोबाइल स्वतःच्या हिशेबाने दिशा ठरवतो, आणि मूळ खेळात चाल मागे घेण्याची सोय नव्हती. म्हणून मोबाइल हातात न धरता टेबलावर सपाट ठेवावा, बोट पटाच्या मध्यावर टेकवावे आणि सरळ, आखूड रेघ ओढल्यासारखे सरकवावे. घरी संगणक असेल तर बाणांच्या कळांनी खेळणे ज्येष्ठांना अधिक सोपे जाते. नातीने आणखी एक दंडक घातला होता: आधी दिशा तोंडाने बोलायची आणि मगच बोट हलवायचे. शिकवणाऱ्यानेही या काळात मोबाइल स्वतःच्या हातात घेऊ नये. हे नातवंडांना जास्त जड जाते.

एक कोपरा, एक बंद दिशा

खेळाचे खरे मर्म येथे आहे. सर्वांत मोठा ठोकळा एका कोपऱ्यात, समजा डाव्या खालच्या कोपऱ्यात, ठेवावा आणि त्याला तेथून हलू देऊ नये. त्यासाठी मुख्यतः डावी आणि खालची याच चाली खेळाव्यात. खालची ओळ पूर्ण भरलेली असेल आणि तिच्यात शेजारी-शेजारी समान आकडे नसतील, तर उजवी चाल ती ओळ हलवू शकत नाही, म्हणून तेव्हा तीही चालते. वरची दिशा मात्र बंद. “आजोबा, वर जायचं नाही, काहीही झालं तरी,” असे ती बजावत असे, आणि आजोबा वरच्या बाजूला काही जुळताना दिसले की हटकून विचारत, “एकदाच गेलो तर काय बिघडतं गं?” बिघडते ते असे, की मोठा ठोकळा वर सरकताच रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात नवा २ येऊन बसू शकतो, आणि मग मोठ्या ठोकळ्याला परत आपल्या जागी येता येत नाही.

एका संध्याकाळी आजोबांच्या पटावर खालची ओळ १२८, ६४, ३२, १६ अशी होती आणि तिच्या वरच्या ओळीत शेवटच्या दोन घरांत ८, ८ होते. बाकी पट रिकामा. आजोबा सवयीने “डावी” म्हणाले. नातीने थांबवून विचारले, “१६ तयार होईल तो कुठे जाऊन बसेल?” तो बसला असता १२८ च्या डोक्यावर, आणि त्याचा जोडीदार १६ राहिला असता पार दुसऱ्या टोकाला. खालची ओळ भरलेली असल्याने येथे उजवी चाल बरोबर. तिने नवा १६ खालच्या १६ च्या बरोबर वर येतो. मग खालची चाल केली की उजव्या खालच्या कोपऱ्यात ३२ होतो आणि ओळ १२८, ६४, ३२, ३२ अशी दिसते. त्यानंतर तीनदा डावी: आधी ६४, ६४ ची जोडी, मग १२८, १२८ ची, आणि शेवटी डाव्या कोपऱ्यात २५६. मधल्या काळात येणारे नवे ठोकळे कोठेही पडले तरी ही पाच चालींची साखळी तुटत नाही. मात्र आता खालची ओळ भरलेली असेलच असे नाही, तेव्हा ती पुन्हा भरेपर्यंत उजवी चालही बंद.

आजोबांच्या डोळ्यांना येथे एक वेगळीच गोष्ट दिसली. सुरुवातीचे सहा ठोकळे मिळवले तर बेरीज २५६ च होते. ठोकळे जुळल्याने पटाची बेरीज बदलत नाही, ती फक्त नव्या २ आणि ४ मुळे वाढते, म्हणजे दर चालीला सरासरी २.२ ने. यावरून त्यांनी वहीत मांडले की २०४८ पर्यंत पोहोचायला नऊशेहून अधिक चाली लागणार, आणि घाई करून काही उपयोग नाही. नातीने हा हिशेब कधी केला नव्हता.

नियम मोडावाच लागला तर

कधी डावी आणि खालची या दोन्ही चाली अडतात आणि खालच्या ओळीत एक घर रिकामे असते. अशा वेळी आधी डावा उभा स्तंभ पाहावा. तो वरपासून खालपर्यंत भरलेला असेल आणि त्यात शेजारी समान आकडे नसतील, तर वरची चाल कोपऱ्याला धक्का लावत नाही. तसे नसेल किंवा वरची चालही अडली असेल, तर उजवी चाल करून लगेच डावी करावी. धोका त्या एका क्षणाचाच असतो: चालीनंतर पटावर नऊ घरे रिकामी असतील तर नवा ठोकळा नेमका कोपऱ्यात पडण्याची शक्यता नवांत एक, पण चारच घरे रिकामी असतील तर चारांत एक. म्हणून अशी चाल टाळता येणारच नसेल, तर पट मोकळा असतानाच करून टाकावी.

एवढे करूनही कोपऱ्यात २ घुसलाच, तर नवा डाव मांडू नये. मोठ्या ठोकळ्यामागे न लागता कोपऱ्यातल्या २ च्या शेजारी २, मग ४, मग ८ आणून त्यालाच वाढवत न्यावे. डाव लांबतो, पण बहुधा वाचतो.

आणि सोळाही घरे भरली म्हणून डाव संपला असे समजू नये. आडव्या ओळी पाहून झाल्यावर उभे स्तंभही एकेक करून पाहावेत. आजोबा हताश होऊन मोबाइल खाली ठेवत तेव्हा नातीला बहुतेक वेळा एखादी उभी जोडी सापडत असे.