दूरचा, अस्पष्ट शिकारी पक्षी आणि कुळापाशी थांबलेले नाव : या चुका टाळा

आकाशात उंच घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याचा फोटो जाणकाराला पाठवल्यावर ‘अ‍ॅक्सिपिट्रिडी कुळातील पक्षी’ एवढेच उत्तर आले, की पाठवणाऱ्याला ते टाळाटाळीचे वाटते. वास्तविक या कुळात शिक्र्यापासून घार, गरुड आणि गिधाडापर्यंत जगभरातील सुमारे अडीचशे जाती येतात. फोटोत ठळक दिसणारी खूण जेथे संपते तेथेच नावही थांबते. त्यामुळे फोटोतील नेमके काय हरवले आहे आणि त्यातले काय परत मिळवता येते, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

आधी हरवते काय ते पाहू. घारीच्या दोन पसरलेल्या पंखांच्या टोकांतील अंतर साधारण १.४ मीटर असते. ती दोनशे मीटरवर असताना मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने, झूम न करता, चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो घेतला, तर संपूर्ण घार जेमतेम वीस पिक्सेलमध्ये बसते. पंखाच्या टोकाशी सुटी दिसणारी पिसे, ज्यांना पक्षीनिरीक्षक ‘बोटे’ म्हणतात, ती प्रत्येकी सुमारे चार सेंटीमीटर रुंद धरली, तरी एका बोटाच्या वाट्याला एक पिक्सेलसुद्धा येत नाही. तीच घार तीनशे मिलिमीटर लेन्स आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्याने टिपली, तर ती पाचशेहून अधिक पिक्सेल व्यापते आणि एका बोटाला सुमारे पंधरा पिक्सेल मिळतात. अर्थात हे गणित फोकस अचूक असताना आणि हात स्थिर असतानाचे आहे. दुपारच्या तापलेल्या माळावर हवेच्या लहरींमुळे महागड्या लेन्सचेही हे पंधरा पिक्सेल एकमेकांत मिसळतात.

येथूनच पहिली चूक सुरू होते. फोटो लहान दिसतो म्हणून तो ताणून मोठा केला जातो, त्यावर शार्पनिंग चढवले जाते आणि शेवटी त्याचा स्क्रीनशॉट पाठवला जातो. मुळात न टिपलेला तपशील यातून निर्माण होत नाही. उलट शार्पनिंगमुळे काळ्या आकृतीभोवती एक पांढरट कड उमटते आणि ती पंखाची फिकट किनार समजली जाते. मूळ फाइल जशीच्या तशी पाठवावी, म्हणजे तारीख, वेळ आणि लेन्सची माहितीही तिच्यासोबत जाते. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास सहसा तिचा आकार कमी केला जात नाही.

दुसरी चूक रंगावर विसंबण्याची. तेजस्वी आकाशाला धरून कॅमेरा प्रकाश मोजतो आणि पक्षी काळवंडतो, त्यामुळे ‘गडद तपकिरी’ हे वर्णन बहुतेक वेळा पक्ष्याचे नसून एक्स्पोजरचे असते. आकाशातील पक्ष्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक ते दीड स्टॉपने वाढवावे. आकाश पांढरे पडले तरी चालेल, पण पोटाची आणि पंखाखालची छटा उमटायला हवी. घेऊन झालेल्या फोटोत सावल्या उजळवून थोडे हाती लागते, रॉ फाइल असेल तर बरेच.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, डिसेंबरमध्ये सोलापूरकडच्या एखाद्या माळावर टिपलेला, घारीएवढा वाटणारा एक काळपट पक्षी आहे. ‘घारीएवढा’ हे आधी बाजूला ठेवावे, कारण रिकाम्या आकाशात मापाला काहीच नसते; शेजारी कावळा उडत असता तर गोष्ट वेगळी. मग पंखाची टोके पाहावीत. ती निमुळती आणि अणकुचीदार असतील तर पक्षी ससाण्यांच्या, म्हणजे फाल्कोनिडी कुळातील असण्याची शक्यता असते. हे कुळ पूर्णपणे वेगळे आहे. डीएनए अभ्यासानुसार ससाणे गरुडांपेक्षा पोपटांना जवळचे आहेत. मात्र पंख मागे ओढून सरकत जाणारी घारही टोकदार दिसते आणि पंख ताणून घिरट्या घालणाऱ्या ससाण्याची टोके बोथट भासतात. म्हणून पंख पूर्ण पसरलेली फ्रेमच निर्णायक मानावी. आपल्या फोटोत त्या स्थितीत टोकाशी बोटे दिसतात, तेव्हा अ‍ॅक्सिपिट्रिडी हे कुळ ठरते. अनेक फोटोंचा प्रवास येथेच थांबतो.

बोटे मोजता आली तर पुढे जाता येते. शिक्र्याची पाच दिसतात, घारीची सहा. पण महाराष्ट्रात हिवाळ्यात येणाऱ्या बूटेड ईगलचीही सहाच असतात, आणि या गरुडाचा गडद रंगप्रकार दुरून घारीसारखाच वाटतो, म्हणजे नेमक्या याच जोडीत बोटांची संख्या कुचकामी ठरते. घार आणि बूटेड ईगल यांचा निकाल बहुधा शेपटीवर लागतो. मिटलेल्या शेपटीच्या कडेला मध्यभागी खाच असेल तर ती घार. बूटेड ईगलची मिटलेली शेपटी सरळ कापल्यासारखी असते. वळण घेताना घार शेपटी सुकाणूसारखी तिरकी पिळते, तेही फोटोत अनेकदा दिसते.

यात एक मेख आहे. घारीने शेपटी पंख्यासारखी पूर्ण फुलवली की खाच नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. त्यामुळे मिटलेल्या शेपटीतील खाच घारीच्या बाजूने भक्कम पुरावा ठरते, पण फुललेल्या शेपटीत खाच नसणे हा घारीविरुद्धचा पुरावा ठरत नाही. येथे बहुतेकांची तिसरी चूक होते : दहा फ्रेमपैकी सर्वांत ‘देखणी’, म्हणजे पंख आणि शेपटी दोन्ही फुललेली, एकच पाठवली जाते आणि शेपटी मिटलेल्या नऊ फ्रेम पुसल्या जातात. ओळखीसाठी त्या पुसटशा नऊच अधिक मोलाच्या असतात. बर्स्ट मोडवर, शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवून, पक्षी एक पूर्ण घिरटी घेईपर्यंत फोटो घेत राहावे.

घिरटीचा आणखी एक फायदा आहे. पक्षी समोरून आपल्याकडे वळतो त्या क्षणी बूटेड ईगलच्या मानेलगत, पंखाच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना एकेक लहान पांढरा ठिपका दिसू शकतो. तो गडद आणि फिकट दोन्ही रंगप्रकारांत असतो, घारीला नसतो. पक्षी कलून पाठ दाखवतो तेव्हा शेपटीच्या मुळाशी फिकट पट्टा असल्यास तोही गरुडाच्या बाजूने जातो. आपल्या डिसेंबरच्या फोटोत समजा शेपटी फुललेली आहे, एक्स्पोजर कमी आहे आणि पक्षी फक्त खालून दिसतो. तर ‘घार किंवा बूटेड ईगल’ असेही ठामपणे म्हणता येणार नाही, कारण सहा बोटे मोजण्याइतका फोटो स्पष्ट नाही. त्याच संचातील एका धूसर फ्रेममध्ये मिटलेल्या शेपटीची खाच दिसली, तर मात्र घार हे नाव लिहिता येते.

ठिकाण आणि महिना सोबत अवश्य लिहावा. जुलैमधल्या फोटोत बूटेड ईगलची शक्यता फारच कमी होते, डिसेंबरमध्ये ती खुली राहते. पण घार सर्वत्र आणि भरपूर आहे म्हणून अस्पष्ट पक्षी घारच असणार, हा तर्क नोंदीत उतरू देऊ नये. तसे केल्यास दुर्मीळ पक्षी कधीच नोंदला जाणार नाही. अशा वेळी कुळाचे नाव ठेवावे आणि शेऱ्यात ‘पंख पसरलेले, बोटे दिसतात, शेपटी फुललेली, खाच तपासता आली नाही’ असे लिहावे.