अंकी देश-कोड वापरताना या चुका टाळा

सीमाशुल्काच्या नोंदी आणि परकीय व्यापाराची आकडेवारी हाताळताना एकच देश तीन रूपांत समोर येतो. बांगलादेश हा कुठे BD असतो, कुठे BGD, तर कुठे 050. ही तिन्ही रूपे आयएसओ ३१६६-१ या एकाच मानकात आहेत, मात्र अंकी कोड ठरवण्याचे काम संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग करतो आणि तो ते आपल्या एम४९ या यादीतून करतो. अंकी कोडाला कोणत्याही लिपीचा आधार लागत नाही, त्यामुळे रोमन अक्षरे न वापरणाऱ्या देशांनाही तो सोयीचा पडतो. त्या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. BGD ऐवजी BGX असे टंकले गेले, तर असा देश नाही हे तपासणीत लगेच कळते. 050 च्या जागी 040 आले, तर तपासणी निमूटपणे पार पडते, कारण 040 हा ऑस्ट्रिया आहे.

सर्वांत जास्त नुकसान सुरुवातीच्या शून्यांमुळे होते, आणि मला या चुकीचा आता मनापासून कंटाळा आला आहे. अंकी कोड हा संख्या नसून तीन अक्षरांचा मजकूर आहे, त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तरीही स्प्रेडशीटमध्ये फाइल उघडताच 050 चे 50 होते आणि 008 चे 8 होते. हे कोड मुळात देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने, बहुतांशी चार-चारच्या अंतराने दिले गेले. त्यामुळे अफगाणिस्तानच्या 004 पासून ब्रुनेईच्या 096 पर्यंतचे देश या अपघातात सापडतात आणि पुढचे सगळे सुखरूप राहतात. नवख्या माणसाने चाचणीसाठी भारत 356, चीन 156 आणि अमेरिका 840 असे तीन देश निवडले, तर त्याला काहीच बिघडलेले दिसत नाही.

खरा अनर्थ या चुकीवरच्या घाईच्या उपायातून होतो. व्यापाराची मासिक आकडेवारी एकत्र करणाऱ्या एका कार्यालयात मी हा प्रकार पाहिला. तिथे शून्ये गळालेली फाइल येत असे, म्हणून कोणीतरी प्रत्येक कोडाला तीन अंकी करणारी एक ओळ लिहून ठेवली होती. पुढे फाइल पाठवणाऱ्यांनी आपली चूक सुधारली आणि शून्यांसह कोड पाठवायला सुरुवात केली, परंतु ती ओळ तशीच चालत राहिली. बॅशमध्ये तिचे वर्तन असे होते:

```
printf '%03d\n' 50     # 050
printf '%03d\n' 050    # 040
```

शून्याने सुरू होणारी संख्या बॅश अष्टमान पद्धतीची समजतो, आणि अष्टमान 50 म्हणजे दशमान 40. त्यामुळे बांगलादेशचा व्यापार ऑस्ट्रियाच्या नावावर जमा झाला, ऑस्ट्रियाचा 040 हा 032 होऊन अर्जेंटिनाकडे गेला, आणि अर्जेंटिनाचा 032 हा 026 होऊन, तसा देशच नसल्याने, ‘इतर’ या रकान्यात पडला. भूतान बार्बाडोस झाला, बहामा ऑस्ट्रेलिया झाला. ज्या कोडांत 8 किंवा 9 हा अंक आहे तिथे, उदाहरणार्थ 008 किंवा 048 वर, बॅश चूक असल्याचा संदेश देतो. पण ते संदेश त्रासदायक वाटतात म्हणून त्यांना `2>/dev/null` कडे धाडण्यात आले होते. असल्या आडवाटांबद्दल माझे मत फारसे छापण्याजोगे नाही.

एकूण बेरीज अचूक जुळत असल्याने हा घोटाळा बरेच दिवस कोणाच्या लक्षात आला नाही. बार्बाडोसची आयात एकाएकी फुगलेली आणि भूतानची शून्यावर आलेली दिसली, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. अशा वेळी मी बेरजा पाहत नाही. मी प्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या कोडांची यादी काढतो आणि प्रत्येक कोडाच्या ओळी किती, हे शेजारी ठेवून पाहतो. एखादा नेहमीचा देश नाहीसा झालेला तिथे लगेच उघडा पडतो. कोड आकड्यांतूनच न्यायचा असेल, तर दशमान पद्धत स्पष्ट सांगावी:

```
printf '%03d\n' "$((10#050))"    # 050
```

तरीही माझी सवय अशी आहे की फाइल वाचतानाच हा स्तंभ मजकूर म्हणून घोषित करायचा आणि शेजारी तीन अक्षरी कोडाचा स्तंभ ठेवायचा. 040 शेजारी BGD दिसले, तर गणित न करताही काहीतरी चुकल्याचे डोळ्यांना कळते.

दुसरी चूक अधिक सुशिक्षित लोक करतात. अंकी आणि अक्षरी कोड एकमेकांची नुसती भाषांतरे आहेत असे समजून ते अनेक वर्षांची आकडेवारी जोडतात. देशाचे नाव बदलले की सहसा अक्षरे बदलतात आणि अंक तसेच राहतात. भूभाग बदलला की अंक बदलतात, मग अक्षरे तशीच राहिली तरी चालते. १९८९ मध्ये बर्माचे म्यानमार झाले तेव्हा BUR चे MMR झाले, पण 104 जागेवरच राहिला. ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हा सुदानची SD आणि SDN ही अक्षरे तीच राहिली, मात्र 736 संपून उरलेल्या सुदानला 729 आणि दक्षिण सुदानला 728 मिळाला.

आता २००८ ते २०१४ ची मालिका SDN वर जोडून पाहावी. २०११ नंतर तेलाची निर्यात कोसळलेली दिसते आणि त्यावर आर्थिक संकटाची कथा रचली जाते, जेव्हा वस्तुतः बहुतेक तेलक्षेत्रे नव्या सीमेपलीकडे गेलेली असतात. अंकी कोडावर जोडल्यास मालिका तुटते, आणि ती तुटणे हीच खरी माहिती आहे. अधीर माणूस 736 च्या जागी 729 भरून ती फट बुजवतो आणि मिळालेली सूचना पुसून टाकतो. तुलना करायचीच असेल तर 728 आणि 729 ची बेरीज घ्यावी, आणि त्यातून या दोघांचा आपसांतला व्यापार वजा करावा, कारण पूर्वी तो देशांतर्गत होता. जर्मनीतही हेच घडते: DE कायम, पण पश्चिम जर्मनी 280 आणि एकीकरणानंतरची जर्मनी 276.

दोन अक्षरी कोडाचा पुनर्वापरही होतो. CS हा आधी चेकोस्लोव्हाकियाचा होता, २००३ मध्ये तो सर्बिया आणि माँटेनेग्रोला दिला गेला. अंकी कोड मात्र अनुक्रमे 200 आणि 891 असे वेगळे आहेत.

नामिबियाच्या NA ला आर आणि पांडाज ही साधने ‘माहिती नाही’ असे समजतात. पांडाजमध्ये `keep_default_na=False` लिहावे.

तीन अंक दिसले म्हणजे आयएसओच, असे धरून चालू नये. युरोपीय समुदायाच्या जुन्या व्यापार आकडेवारीत 004 म्हणजे जर्मनी आणि 400 म्हणजे अमेरिका असे. आयएसओमध्ये तेच अनुक्रमे अफगाणिस्तान आणि जॉर्डन आहेत. संयुक्त राष्ट्रांच्याच कॉमट्रेड या व्यापार-आकडेवारीच्या संग्रहात अमेरिकेसाठी 842 येतो, कारण त्यात पोर्तो रिको आणि अमेरिकन व्हर्जिन बेटे धरलेली असतात, आणि भारतासाठी 699 येतो. आयएसओच्या तक्त्याशी थेट जोडणी केल्यास हे दोन्ही देश एकही तक्रार न करता गळून जातात. म्हणून जोडणीनंतर न जुळलेल्या ओळी मी मूल्याच्या उतरत्या क्रमाने लावून पाहतो, आणि असे देश सहसा पहिल्या काही ओळींतच सापडतात.