कॅप्चा आणि स्क्रीन रीडर: संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

एका महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जाचे उदाहरण घेऊ. दृष्टिहीन विद्यार्थिनी संगणकावर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर लावून अर्ज भरते आहे. नाव, जन्मतारीख, गुण, बँक खाते हे सगळे रकाने ती टॅब कळीने एकेक करून भरते, कारण त्या रकान्यांना नीट लेबले दिलेली आहेत. शेवटच्या रकान्यावर आल्यावर मात्र तिला फक्त ‘एडिट, ब्लँक’ एवढेच ऐकू येते. पुढचा टॅब दाबला की नुसते ‘बटन’. तो रकाना कॅप्चाचा आहे आणि ते बटन चित्र बदलण्याचे आहे, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळते. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. ती अर्ज पाठवते, पान पुन्हा उघडते आणि भरलेली सगळी माहिती गेलेली असते.

यात एकच नव्हे, तर एकावर एक रचलेल्या अनेक चुका आहेत आणि त्यांतील बहुतेक चुका अर्ज तयार करणाऱ्याला थोड्या श्रमांत टाळता येतात.

चित्राला लेबल नसणे, किंवा निरुपयोगी लेबल असणे

कॅप्चाच्या चित्राला स्क्रीन रीडर वाचतो तो `alt` मजकूर दिलेलाच नसतो, किंवा दिला तर ‘captcha’ एवढाच असतो. चित्रातील अक्षरेच `alt` मध्ये लिहिणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण मग कोणताही बॉट, म्हणजे आपोआप अर्ज भरणारा प्रोग्राम, ती वाचू शकेल. चित्र कशासाठी आहे आणि दुसरा मार्ग कुठे आहे, हे तेथे सांगायचे असते: ‘सुरक्षा पडताळणीचे चित्र. ऐकून उत्तर देण्यासाठी पुढील बटन दाबा.’ रकान्याला स्वतःचे लेबल हवे, आणि चित्र बदलण्याच्या व ऐकण्याच्या बटनांनाही त्यांच्या कामाचे नाव हवे.

‘ऑडिओ दिला आहे’ म्हणून निश्चिंत होणे

बहुतेक संकेतस्थळांचे प्रयत्न येथेच थांबतात, म्हणून या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो. ऑडिओ सुरू होतो तेव्हा स्क्रीन रीडरही बोलत असतो. वापरकर्ती आकडा टाइप करते, स्क्रीन रीडर तोच आकडा मोठ्याने उच्चारतो आणि त्या आवाजात ऑडिओचा पुढचा आकडा बुडून जातो. त्यात बॉटना चकवण्यासाठी मुद्दाम मिसळलेला गोंगाट आणि अनोळखी उच्चारातील इंग्रजी अक्षरे आली, तर ‘बी’, ‘डी’ आणि ‘पी’ यांत फरक करणे चांगले ऐकू येणाऱ्यालाही जमत नाही.

ऑडिओ ठेवायचाच असेल, तर त्यात अक्षरांऐवजी फक्त आकडे असावेत आणि भाषा निवडता यावी. तो आपोआप सुरू होऊ नये. बटन दाबल्यावरच सुरू व्हावा आणि पुन्हा ऐकल्यावर प्रश्न बदलू नये. तरीही ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, जे ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचतात, त्यांच्यासाठी चित्र आणि ऑडिओ हे दोन्ही मार्ग बंदच राहतात. त्यामुळे ऑडिओ हा तात्पुरता आधार ठरतो, पूर्ण पर्याय ठरत नाही.

उत्तर चुकल्यावर सगळे पुसून टाकणे

पान पुन्हा उघडले की स्क्रीन रीडर शीर्षकापासून वाचू लागतो. चूक दाखवणारी लाल अक्षरांतील ओळ पानाच्या मध्यभागी कुठेतरी असते आणि तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत काय बिघडले हेच कळत नाही. भरलेले रकाने तसेच राहावेत, चूक सांगणारी सूचना पान पुन्हा न उघडता `role="alert"` असलेल्या घटकात यावी, म्हणजे ती लगेच वाचली जाईल, आणि फोकस थेट कॅप्चाच्या रकान्यावर जावा. कॅप्चाची मुदतही पाहावी. ऐकत ऐकत अर्ज भरायला डोळ्यांनी भरण्यापेक्षा बराच वेळ लागतो. दोन मिनिटांत उत्तर बाद होत असेल, तर अचूक उत्तरही चुकीचे ठरते आणि त्याचे कारण कुणीच सांगत नाही.

मग पर्याय कोणते?

पहिला प्रश्न हा की त्या जागी कॅप्चा लागतो का. अर्जदाराने मोबाइलवरील ओटीपी देऊन प्रवेश केला असेल, तर त्यानंतर प्रत्येक पानावर पुन्हा कॅप्चा ठेवून फारसे काही साधत नाही. ओटीपी मागवण्याच्या आधी कॅप्चा ठेवतात, तो बॉटनी हजारो एसएमएस पाठवायला लावू नयेत म्हणून. तेच काम सर्व्हरवर मर्यादा घालून होते: एका मोबाइल क्रमांकाला ठरावीक वेळात ठरावीकच ओटीपी द्यावेत. फक्त आयपी पत्त्यावर कडक मर्यादा घालू नये, कारण आपल्याकडे मोबाइल इंटरनेटवर असंख्य लोक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात आणि एका बॉटपायी सगळे अडकतात. ओटीपीच्या रकान्यात पेस्ट करण्याची सोय बंद करू नये.

दुसरा सोपा उपाय म्हणजे सापळ्याचा रकाना. माणसाला न दिसणारा रकाना अर्जात ठेवायचा. तो भरलेला आला, तर अर्ज बॉटचा समजायचा. येथे एक घातक चूक हमखास होते. रकाना पडद्याबाहेर सरकवून लपवला, तर डोळ्यांना तो दिसत नाही, पण स्क्रीन रीडर तो वाचतोच. वापरकर्ती प्रामाणिकपणे तो भरते आणि बॉट ठरते. तो सर्वांपासूनच लपवावा:

```html
<div style="display:none">
  <label for="web2">हा रकाना रिकामा ठेवा</label>
  <input id="web2" name="web2" autocomplete="off">
</div>
```

खास आपल्याच अर्जासाठी लिहिलेल्या बॉटला हा सापळा अडवू शकत नाही, म्हणून त्याला वरील मर्यादांची जोड हवी.

‘मी रोबोट नाही’ अशा खुणेची किंवा पार्श्वभूमीत तपासणी करणारी तयार सेवा वापरली, तर बहुतेक वेळा काहीच सोडवावे लागत नाही. मात्र तिला शंका आली की ती पुन्हा चित्रांवरच आणून सोडते. त्या क्षणी टॅब आणि स्पेस एवढ्याच कळींनी पुढे जाता येते का, हे तपासल्याशिवाय ती सेवा बसवू नये.

संकेतस्थळे अपंग व्यक्तींनाही वापरता यावीत यासाठीच्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत लॉगिनसाठी आठवणीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा नको, अशी अट आहे. तिच्या एए या मधल्या पातळीत वस्तू ओळखण्याला सूट आहे आणि तिचा आधार घेऊन ‘बस असलेली चित्रे निवडा’ हे चालते असे सांगितले जाते. मात्र त्याच निकषांतील १.१.१ नुसार कॅप्चाला वेगळ्या इंद्रियाने सोडवता येईल असा पर्याय द्यावाच लागतो. एका कलमातील सूट दुसऱ्या कलमाची अट रद्द करत नाही.

आज अडलेल्या वापरकर्त्यासाठी

एनव्हीडीएवर `NVDA+2` दाबत गेल्यास टाइप केलेले अक्षर उच्चारण्याची सोय बंद करता येते, म्हणजे ऑडिओ ऐकताना मध्ये आवाज येत नाही. आकडे ऐकताना आधी नोटपॅडमध्ये किंवा ब्रेलमध्ये उतरवून घ्यावेत आणि मग रकान्यात भरावेत. अर्ज पाठवण्यापूर्वी भरलेली माहिती वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी.

संकेतस्थळ चालवणाऱ्याने मॉनिटर बंद करून, माउसला हात न लावता आपला अर्ज एकदा स्वतः शेवटपर्यंत भरून पाहावा. वर सांगितलेल्या बहुतेक चुका त्याला तेथेच सापडतील. त्या दुरुस्त होईपर्यंत मदतीचा दूरध्वनी क्रमांक कॅप्चाच्या खाली नव्हे, तर त्याच्या आधी लिहावा, आणि फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला तो अर्ज कॅप्चाशिवाय दाखल करून घेण्याचा अधिकार द्यावा.