जुनं फाउंटन पेन ऑनलाइन विकताना: लिलाव की ठरलेली किंमत?

आधी तसंच पेन प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते शोधा. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती सोडून द्या, मागायला काय जातं! झालेल्या विक्रीचे आकडे जवळजवळ सारखे असतील तर सरळ किंमत ठरवून टाका आणि गिऱ्हाइकाची वाट बघा. आकडे फार खालीवर असतील, किंवा तसं पेन क्वचितच विक्रीला येत असेल, तर लिलाव बरा. पण लिलावात भाव चढायला निदान दोघं हटून बसावी लागतात. एकच गिऱ्हाईक आलं तर सुरुवातीची बोली हीच शेवटची. म्हणून ज्या रकमेला पेन गेलं तरी हळहळ वाटणार नाही, तिथूनच सुरुवात करा.

मुदत सात दिवसांची पुरते, कारण त्यात सुट्टीचे दिवस येतातच. खऱ्या बोल्या बहुधा शेवटच्या काही मिनिटांत पडतात, तेव्हा लिलाव सुट्टीच्या संध्याकाळी संपेल असं बघा.

वर्णनात ‘वयाच्या मानाने उत्तम’ लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. असं लिहा: ‘टोपणाच्या कडेला ३ मिमीची केसासारखी चीर, उजेडात धरल्यावर दिसते. निब सरळ आहे. आतली रबरी पिशवी कडक झाली आहे, शाई भरून पाहिलेली नाही.’ चिरेचा जवळून फोटोही टाका. न तपासलेल्या पेनाला ‘चालू’ म्हटलंत, तर ते परत येणार हे धरून चाला.