महेश्वरी साडीचा भाव करण्याआधी या चुका टाळा

आमच्या इंदूरच्या घरी पुण्या-नाशिकहून पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी महेश्वरची फेरी ठरलेलीच. धामनोदमार्गे साधारण 90 किलोमीटर. घाट, किल्ला, नर्मदेत नावेची एक चक्कर आणि मग साड्या. संध्याकाळी परतताना गाडीत एकच विषय असतो, कुणी किती भाव पाडला.

गेल्या हिवाळ्यात आत्या दोन दुकानं करून आली. घाटाजवळच्या एका दुकानात 4800 सांगितलेली साडी तिनं 2400 ला आणली. दुसऱ्या दुकानात 3600 सांगितलेल्या साडीला तिनं 1800 म्हटलं, तर दुकानदारानं साडी घडी करून आत ठेवली. "बहनजी, इतने में तो सूत भी नहीं आता," एवढंच तो म्हणाला. आत्याच्या मते पहिला माणूस चांगला आणि दुसरा आडमुठा. घरी आल्यावर मी 2400 ची साडी हातात घेतली आणि मला फार वाईट वाटलं. तिला सगळ्यात जास्त ज्यानं फसवलं होतं, त्याचंच ती कौतुक करत होती.

निम्म्यावर आणलं म्हणजे जिंकलं, असं समजू नका

पर्यटकांच्या बाजारात पहिला आकडा गिऱ्हाईक बघून सांगतात. ज्याची खरी किंमत 900 आहे, त्याला 4800 सांगितलं की 2400 सुद्धा लूटच होते. म्हणून सांगितलेल्या आकड्यापासून किती खाली आलो हे मोजू नये. वस्तू बनायला किती लागतात तिथून वर मोजावं. आत्याचं गणित उलट्या टोकापासून सुरू झालं होतं.

आणखी एक. नाववाला किंवा रिक्षावाला "मेरे जान-पहचान की दुकान है" म्हणत दुकानापर्यंत सोडायला आला, तर त्याचं कमिशन साडीच्या भावात आलेलं असतं. त्या दुकानात जायचंच असेल तर नंतर एकट्यानं जा.

इंदूरचा भाव आणि महेश्वरचा भाव एकाच वस्तूचा आहे का, ते बघा

हुशार गिऱ्हाइकं नेमकी इथे चुकतात. कुणीतरी सांगतं की महेश्वरला जाण्याआधी इंदूरच्या बाजारात भाव विचारून ठेवा. सल्ला बरोबर आहे. मग माणूस शीतलामाता बाजारात किंवा एम.टी. क्लॉथ मार्केटच्या बाजूला फिरतो, "महेश्वरी" विचारतो आणि त्याला 850-950 ऐकू येतं. तो आकडा डोक्यात घेऊन तो महेश्वरला जातो आणि खऱ्या विणकराला 1200 म्हणतो. विणकराचा चेहरा पडतो. गिऱ्हाईकही वैतागून बाहेर येतं.

बाजारात "महेश्वरी" हे आता नक्षीचंही नाव झालं आहे. किल्ल्याच्या दगडावरून आलेले म्हणतात ते चटई, वीट, हिरा असे काठ यंत्रमागावर भराभर निघतात, आणि त्या कापडालाही दुकानदार महेश्वरीच म्हणतात. तो खोटं बोलत असतो असंही नाही, त्याच्या दृष्टीनं ते डिझाइनचं नाव आहे. म्हणून भाव विचारताना प्रश्न पूर्ण विचारायचा: "हातमागाची, रेशमी ताण्याची, सुती बाण्याची, साधं अंग, जरीचा काठ, ब्लाउजपीससह, केवढ्याला?" ताणा म्हणजे उभा धागा, बाणा म्हणजे आडवा. एवढं विचारलं की इंदूरचा दुकानदारही दुसरी थप्पी काढतो आणि आकडा एकदम तिपटीवर जातो. तो आकडा महेश्वरच्या भावाशी ताडून बघायच्या लायकीचा असतो.

एम.जी. रोडवरच्या मृगनयनीत, म्हणजे राज्य सरकारच्या हस्तकलेच्या दुकानात, आधी एक चक्कर मारलीच पाहिजे असं माझं मत आहे. तिथे घासाघीस नसते. पण तिथून फक्त किंमत लिहून आणू नका. चिठ्ठीवर ताणा कशाचा, बाणा कशाचा, हातमागाची खूण आहे का, हे बघा, आणि साडी हातात धरून तिचं वजन लक्षात ठेवा. साधी महेश्वरी इतकी हलकी असते की घडी उचलताना हाताला जाणवतं. पुढे घाटावर तुम्ही ताडून बघणार ते या स्पर्शाशी. मात्र तिथली किंमत ही वरची मर्यादा धरू नका. अंगभर बुट्टी किंवा रुंद जरीचा पदर असेल तर विणकराकडेही भाव त्याच्या वर जाऊ शकतो.

काठावर भाळू नका, पदराचं टोक बघा

सगळे काठाची नक्षी बघतात, आणि नक्कल करायला तीच सगळ्यात सोपी. पारंपरिक महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा असतो. म्हणून साडी उलटी करून मागे कापलेल्या धाग्यांची झिपरी दिसली तर विचारावं, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये.

किनारीच्या अगदी कडेला बोट फिरवा. हातमागावर धोटा आडवा धागा एका कडेहून दुसऱ्या कडेला नेतो आणि तोच धागा वळवून परत आणतो. त्यामुळे कड बंद, सलग लागते. कडेला धागे कापून बारीक झालर सुटली असेल तर ते कापड बिनधोट्याच्या यंत्रावरचं आहे, हे नक्की समजा. पण उलटं खरं नाही. धोट्याचे यंत्रमागही असतात आणि त्यांची कडही बंदच येते. विणताना कापड ताणून धरणाऱ्या सुयांची भोकं कडेजवळ दिसली की हातमाग, यावर बरेच जण विसंबतात. तेही पुरेसं नाही, कारण कापड ताणून धरायची सोय यंत्रमागालाही असते.

मग धागाच बघायचा. नेहमीच्या महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुती असतो. साडीच्या लांबीनं जातात ते उभे धागे, म्हणजे पदराच्या टोकाला जे न विणलेले सुटे धागे लोंबतात ते सगळे ताण्याचे. त्यातला एकच धागा दुकानदाराला विचारून ओढून घ्या आणि बाहेर जाऊन काडीनं पेटवा. रेशीम हळू जळतं, जळक्या केसांसारखा वास येतो आणि मागे राहणारी काळी राख बोटात चुरली की पूड होते. धागा वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. कागदासारखा भुर्रकन जळून वास लाकूड-कागदाचा आला तर व्हिस्कोज किंवा सूत. महेश्वरला पूर्ण सुती साडीही मिळते आणि ती चांगलीच असते, फक्त तिला रेशमाचा भाव द्यायचा नाही. ज्याचा माल खरा आहे तो एक धागा द्यायला का-कू करत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आत्याच्या 2400 च्या साडीचा धागा मी स्वयंपाकघरात पेटवला. कडक गोळी झाली. तशीच साडी, तोच काठ, शीतलामाता बाजारात 950 ला होती.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. तिनं धागा कळतो, माग कळत नाही. रेशीम-सुती कापड यंत्रावरही विणता येतं. मागाची खात्री हवी असेल तर हॅण्डलूम मार्क बघा. केंद्र सरकारनं तो 2006 मध्ये आणला. तो साडीलाच लावलेला हवा, दुकानाच्या भिंतीवर टांगलेला उपयोगाचा नाही.

विणकराच्या हिशेबाच्या खाली बोली लावू नका

दुसऱ्या खेपेला मी आत्याला घेऊन त्या "आडमुठ्या" दुकानाच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे घरोघरी खटखट ऐकू येते, आणि विचारलं तर माणसं माग दाखवतात. एका विणकर काकांनी त्याच प्रकारच्या साडीचा हिशेब आत्यासमोर बोटांवर मांडला. रेशमी ताणा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, रंगवून साधारण 800 रुपयांचा. सुती बाणा 150. काठाची आणि पदराची जर 150. विणायला दोन दिवस, त्याची मजुरी आणि ताणा करणाऱ्याचा वाटा धरून 900. झाले 2000, आणि त्यात अजून कुणाचाच नफा नाही.

त्यावर माल घालणाऱ्याचे, दुकानाच्या भाड्याचे आणि पडून राहणाऱ्या साड्यांचे मिळून तीस-चाळीस टक्के धरले की 2600 ते 2800 होतात. दुकानदार 3600 सांगत होता, म्हणजे बोलणीला जागा होती, पण ती आठशे-हजाराची. 1800 म्हणजे विणकराच्या मजुरीतूनच पैसे मागणं झालं. आत्या गप्प झाली. मग दुकानात जाऊन तिनं 2700 म्हटलं, तो 3100 वर आला आणि 2900 ला सौदा झाला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

हे आकडे त्या हंगामातल्या त्या एका साडीचे आहेत. रेशमाचा भाव बदलला की पहिलाच आकडा हलतो, आणि अंगभर बुट्टी असेल तर दोन दिवसांचे पाच-सहा होतात. म्हणून आकडे पाठ करू नका, चार प्रश्न पाठ करा: ताणा कशाचा, जर किती, विणायला किती दिवस, मजुरी काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर तो माणूस साड्या विकतो, पण विणणाऱ्याशी त्याचा संबंध नाही, असं मी धरते.

भाव कमी करून घ्यायचाच असेल तर एकीवर ओढाताण करण्यापेक्षा दोन-तीन साड्यांचा एकत्र भाव विचारा. एका ताण्यावर सलग बऱ्याच साड्या निघतात. त्यातला एखादा मागे राहिलेला रंग विणकर आनंदानं कमी करून देतो आणि त्याची मजुरीही त्यात बुडत नाही.

आधीच घेऊन झाली असेल तर

बिलावर काय लिहिलं आहे ते बघा. नुसतं "साडी" लिहिलं असेल तर भांडायला हातात काही नाही. "हातमाग, रेशीम-सुती" असं लिहिलं असेल आणि धाग्याची गोळी होत असेल, तर बिल, साडी आणि तो जळका धागा घेऊन परत जा. आत्याच्या बिलावर फक्त आकडा होता, त्यामुळे ते 2400 गेले. आता ती पैसे द्यायच्या आधी कापडाचं वर्णन बिलावर लिहून मागते. गेल्या महिन्यात एका दुकानदारानं लिहायला नको म्हटलं, तेव्हा साडी आवडलेली असूनही ती चप्पल घालून बाहेर पडली.