हेमाडपंतांना ॲबस्ट्रॅक्टमधून बाहेर काढा: आपलं काम पहिल्या दोन वाक्यांत कसं आणायचं

मोडी लिपी कॉम्प्युटरला वाचायला शिकवणं या विषयावर कोणी कॉन्फरन्सला ॲबस्ट्रॅक्ट पाठवणार असेल तर तो बहुतेक वेळा हेमाडपंतांपासून सुरू होतो, मग राजव्यवहार, मग दप्तरखान्यात धूळ खात पडलेले रुमाल, आणि आपण नेमकं काय केलं ते अगदी शेवटी, जिथे शब्दमर्यादा संपत आलेली असते. म्हणून उदाहरण तेच घेते. मजकूर मी रचलेला आहे, त्यातले आकडेही समजवण्यापुरतेच, आणि खरा ॲबस्ट्रॅक्ट इंग्रजीत असला तरी इथे मराठीत मांडते कारण आपल्याला क्रम बघायचाय.

आधीचा मसुदा असा:

"मोडी ही महाराष्ट्राची ऐतिहासिक लिपी असून ती शतकानुशतके राजव्यवहारात वापरली गेली. तिचा उगम परंपरेने हेमाडपंतांशी जोडला जातो. अनेक दप्तरखान्यांत मोडी कागदपत्रे आजही न वाचलेली पडून आहेत. मोडी वाचणारे कमी होत आहेत. अलीकडे डीप लर्निंगमुळे हस्ताक्षर ओळखण्यात मोठी प्रगती झाली आहे. मोडीवरील आधीच्या पद्धती सुटी अक्षरे ओळखण्यावर भर देतात. या पेपरमध्ये मोडी हस्ताक्षर ओळखण्याची एक नवीन पद्धत मांडली असून तिचे निकाल आशादायक आहेत."

यात खोटं काहीच नाही, तरी हा मागे पडतो. कॉम्प्युटर सायन्सच्या बऱ्याच कॉन्फरन्समध्ये रिव्ह्यूअर शीर्षक आणि ॲबस्ट्रॅक्ट चाळूनच कुठला पेपर तपासायचा ते निवडतात, मग वरची चार वाक्यं बघून हस्ताक्षर ओळखण्यातला जाणकार म्हणतो हा इतिहासाचा पेपर दिसतोय आणि पुढे जातो, आणि पेपर अशा माणसाकडे जातो ज्याला तुमची खरी युक्ती कळतच नाही.

पायरी 1: प्रत्येक वाक्यापुढे खूण करा. प्रिंट काढा, पेन्सिल घ्या. पार्श्वभूमी असेल तर "पा", आधीच्या कामातली उणीव असेल तर "उ", आपण केलेलं असेल तर "आ", निकाल असेल तर "नि". वरच्या मसुद्यात पा, पा, पा, पा, पा, उ आणि शेवटी एकाच वाक्यात आ आणि नि कोंबलेले. सातपैकी सहा वाक्यं होईपर्यंत लेखक स्वतः कुठे आलेलाच नाही. पहिला "आ" तिसऱ्या वाक्याच्या पलीकडे असेल तर दुरुस्ती हवी, असा माझा ढोबळ हिशोब आहे. ट्रान्सफॉर्मरचा 2017 चा तो प्रसिद्ध पेपर बघा, त्यात आधीच्या मॉडेल्सबद्दल दोन वाक्यं आहेत आणि तिसऱ्यात थेट आम्ही हे नवीन आर्किटेक्चर मांडतोय.

पायरी 2: मसुदा उलटा ठेवा आणि एकच वाक्य लिहा. इथेच खरा वेळ जातो, घाई करू नका. वाक्यात तीन गोष्टी हव्यात, काय केलं, आधीचे लोक करत होते त्यापेक्षा काय वेगळं, आणि त्याने काय बदललं. "नवीन पद्धत मांडली" हे वाक्य चालत नाही, कारण तेच वाक्य मोडीवरच्या दुसऱ्या कुठल्याही पेपरला चिकटवता येतं. हीच त्याची परीक्षा, तुमचं वाक्य दुसऱ्याच्या पेपरला जसंच्या तसं बसलं तर नावीन्य अजून लिहिलंच गेलेलं नाही.

आमच्या उदाहरणात खोदत गेलं की कळतं, आधीच्या पद्धती ओळीतून एकेक अक्षर तोडून काढतात आणि मग ते ओळखतात, आणि इथे लेखकाने तोडणीची पायरीच काढून टाकलीय, अख्ख्या ओळीचा फोटो दिला की थेट बाळबोध मजकूर मिळतो. हे त्याला तोंडी विचारलं तर अर्ध्या मिनिटात सांगेल! लिहायला बसला की हेमाडपंत आठवतात. गाईडने "आधी बॅकग्राउंड द्यायचं असतं" असं शिकवलेलं असतं ना, ते प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणासाठी ठीक आहे.

पायरी 3: त्या वाक्याला लागेल तेवढीच पार्श्वभूमी परत आणा. नावीन्य आधी म्हणजे अक्षरशः पहिलाच शब्द असं नाही. "आम्ही तोडणीशिवाय ओळ वाचतो" असं एकदम म्हटलं तर वाचणारा विचारेल, बरं मग, तोडणीत अडचण काय होती? त्या प्रश्नाचं उत्तर देणारी पार्श्वभूमी ठेवायची, बाकीची इंट्रोडक्शनमध्ये. हेमाडपंत त्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, दप्तरखाने देत नाहीत, डीप लर्निंगची प्रगतीही देत नाही. उत्तर लिपीतच आहे, मोडीत लेखणी फारशी न उचलता लिहितात त्यामुळे अक्षरं एकमेकांत गुंततात, आणि शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. गंमत म्हणजे पूर्ण मसुद्यात कामाची असलेली ही एकच माहिती लिहायची राहून गेली होती.

पायरी 4: "आशादायक" काढा, आकडा घाला. आकडा एकटा नको, कशाच्या तुलनेत आणि कशावर मोजला तेही सोबत हवं. आता नवा मसुदा:

"मोडीत लेखणी न उचलता लिहिल्यामुळे अक्षरे एकमेकांत गुंततात, म्हणून आधी अक्षरे तोडून मग ओळखणाऱ्या पद्धती तोडणीतच चुकतात. आम्ही ही पायरी वगळतो: आमचे मॉडेल अख्ख्या ओळीचे चित्र घेऊन थेट बाळबोध मजकूर देते. प्रशिक्षणात नसलेल्या लेखकांच्या 400 ओळींवर शंभर अक्षरांमागे चुका तोडणीच्या पद्धतीच्या 31 वरून 14 वर आल्या. शाई फुटलेल्या कागदांवर मात्र दोन्ही पद्धती सारख्याच चुकतात. यामुळे अक्षरे हाताने वेगळी न करता, फक्त ओळींची लिप्यंतरे वापरून मोडी वाचक तयार करता येतो."

शाईचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. मर्यादा एका ओळीत सांगितली की वरच्या आकड्यावर विश्वास बसतो, आणि रिव्ह्यूअरला तोच मुद्दा शोधून काढल्याचा आनंद मिळत नाही.

नावीन्य वर आणताना लोक दुसऱ्या टोकाला जातात, "प्रथमच" आणि "क्रांतिकारी" असले शब्द येतात. "प्रथमच" लिहायचं तर कशात प्रथम ते बांधून लिहा, नाहीतर एखादा रिव्ह्यूअर स्वतःचाच जुना पेपर काढून दाखवतो. आणि वर "आम्ही" आणलं म्हणून कामच नवीन होत नाही, पायरी 2 चं वाक्य दोन तास बसूनही जमत नसेल तर दोष लेखनात नसेल, प्रयोग अजून पुरा झालेला नसेल.

मेडिकलवाल्यांचं वेगळं. तिथे बॅकग्राउंड, मेथड्स, रिझल्ट्स, कन्क्लूजन असे ठरलेले मथळे असतात, क्रम हलवता येत नाही. मग बॅकग्राउंड दोन वाक्यांवर आणा, दुसरं वाक्य आपण काय तपासलं याचं ठेवा, रिझल्ट्समध्ये रुग्णसंख्येनंतर लगेच मुख्य निष्कर्ष द्या, आणि शीर्षकातच शोध सांगा.

पायरी 5: शेजारच्या लॅबमधल्या माणसाला फक्त पहिली दोन वाक्यं दाखवा. तुमच्या लॅबमधला नको, त्याला आधीच सगळं माहितीये. अर्ध्या मिनिटाने कागद काढून घ्या आणि विचारा, आम्ही काय केलं? तो "अक्षरं न तोडता ओळ वाचता" म्हणाला तर सबमिट करा. "मोडीवर काहीतरी केलंय" म्हणाला तर पायरी 2 वर परत, कारण विषय पोचलाय पण क्रियापद पोचलेलं नाही.