पूर्ण उत्तराआधीची पोच

हिशेब जुळवायचं काम माझ्याकडे असतं. एका ग्राहकाने सोमवारी विचारलं, "तीन महिन्यांच्या बिलांत फरक का येतोय?" शोधायला चार दिवस लागणार होते, म्हणून मी गप्प राहून कामाला लागलो. बुधवारपर्यंत त्यांच्या आणखी दोन मेल आल्या, गुरुवारी थेट साहेबांना फोन. शुक्रवारी उत्तर गेलं, बरोबरही होतं, पण तोवर त्यांचा विश्वास उडाला होता. याचं मला फार वाईट वाटलं.

आता तासाभरात पोच जाते. सुरुवातीला "पाहून लवकरच कळवतो" एवढंच लिहायचो, पण 'लवकर' म्हणजे समोरच्याला उद्याच वाटतं. म्हणून आता असं लिहितो:

"आपली मेल मिळाली. तिन्ही बिलं मूळ नोंदींशी ताडून पाहतोय. फरक कुठे आणि कशामुळे आला, ते शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवतो. पैसे परत मिळतील का, हे त्यानंतरच सांगता येईल."

शेवटचं वाक्य मुद्दाम घालतो, नाहीतर पोच म्हणजेच होकार असा समज होतो. काम गुरुवारी संपेलसं वाटलं तरी शुक्रवारच सांगतो. आणि अडकलंच, तर मुदत उलटायची वाट न पाहता, तोवर सापडलं तेवढं आणि नवी तारीख गुरुवारीच कळवून टाकतो.